जमिनीवर कर, घराला माफी: हा कुठला न्याय? (भूमूल्य कर)

नेकरकाठी

मंडळी, थोडी चिडचिड आहे, थोडं कुतूहल. मी स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहतो. घर 1936 सालचं, बैठं, खाली तळघर, मागे मोठी बाग. प्लॉट 600 चौरस मीटर. जुना ग्रुंडष्टॉयर, म्हणजे आपली घरपट्टी म्हणा, वर्षाला 310 युरो होता. 2025 पासून बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने पद्धत बदलली आणि हातात कागद आला 982 युरो 80 सेंटचा.

हिशेब त्यांनी छापूनच दिलाय. आमच्या भागात जमिनीचा ठरलेला दर 900 युरो चौरस मीटर. गुणिले 600, म्हणजे 5,40,000. त्याचे हजारी 1.3 म्हणजे 702. मुख्यतः राहण्यासाठी वापर आहे म्हणून 30 टक्के सूट, उरले 491.40. त्यावर गावाने ठरवलेला गुणक 200 टक्के. झाले 982.80.

यात घर कुठंय? कुठेच नाही. छप्पर गळतंय की संगमरवर लावलाय, कोणी विचारलं नाही. शेजारी तीन मजली नवी इमारत आहे. आठ फ्लॅट, प्लॉट 700 मीटर, दर तोच. तिचा एकूण कर 1146 युरो 60 सेंट. भागिले आठ, म्हणजे फ्लॅटमागे 143 युरो. कोपऱ्यावर एक रिकामा प्लॉट गेली कित्येक वर्षं गवत वाढवत पडलाय, तोही 600 मीटर. त्याला राहण्याची सूट नाही, म्हणून 1404.

ऑफिसातला एक सहकारी म्हणतो की जगभरच्या अर्थतज्ज्ञांना हाच कर सगळ्यात कमी नुकसान करणारा वाटतो. अॅडम स्मिथपासून मिल्टन फ्रीडमनपर्यंत. एरवी एका टेबलावर न बसणारी माणसं यावर सहमत! का? बागेत सफरचंदाची दोन झाडं आहेत, ती काय भाडं देतात का?

चहाबाज

सफरचंदं विकून कर भरा. नाहीतर झाडांना फ्लॅट म्हणून नोंदवा. ह.घ्या.

तळटीप

नेकरकाठी, तुमच्या तीन प्लॉटांतच उत्तर आहे, फक्त उलट बाजूने बघा. जुन्या पद्धतीत शेजाऱ्याने पत्रे काढून आठ फ्लॅट बांधले की कर वाढायचा. कोपऱ्यावरचा गवत वाढवत बसला की कर नाममात्र. म्हणजे घरं कमी असलेल्या भागात जो घरं बांधेल त्याला दंड आणि जो जमीन अडवून बसेल त्याला बक्षीस. नव्या पद्धतीत शेजाऱ्याने उद्या आणखी एक मजला चढवला तरी त्याचा कर एक सेंटही वाढत नाही. कोपऱ्यावरच्याला मात्र दरवर्षी 1404 भरताना विचार करावा लागतो.

अर्थतज्ज्ञ 'कमी नुकसान' म्हणतात ते याच अर्थाने. कुठल्याही गोष्टीवर कर लावला की ती गोष्ट थोडी कमी होते. इमारतींवर लावा, माणसं थोडं कमी बांधतात, डागडुजी पुढे ढकलतात. पगारावर लावा, कामाचा उत्साह थोडा घटतो. जमीन कमी होत नाही. तुमचे 600 मीटर कर शून्य असला तरी 600 आणि दुप्पट असला तरी 600.

दुसरा मुद्दा न्यायाचा. 900 युरो मीटर हा भाव तुम्ही तयार केला नाही. तो लोकल ट्रेनने, शाळेने, स्टुटगार्टच्या कारखान्यांतल्या नोकऱ्यांनी आणि गावाने टाकलेल्या नळांनी तयार केला. घर मात्र कोणीतरी घाम गाळून, पैसा घालून बांधलं. गावाने जे निर्माण केलं त्यातला वाटा गावाने घ्यावा आणि माणसाने जे बांधलं त्याला हात लावू नये, एवढंच म्हणणं आहे. हेन्री जॉर्ज नावाच्या अमेरिकन पत्रकाराने 1879 मध्ये हे टोकाला नेलं: बाकी सगळे कर रद्द करा, जमिनीचं सगळं भाडं सरकारने घ्यावं. तेवढं टोक आज फारसं कोणी मागत नाही.

एक मात्र लक्षात घ्या. तुमची सगळी वाढ या तत्त्वामुळे नाही. जुना कर 1964 सालच्या मूल्यांवर चालला होता आणि तो घटनाबाह्य असल्याचं जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. 310 हा आकडाच मुळात साठ वर्षं झोपलेला होता. कुठलीही पद्धत आणली असती तरी तुम्हाला दणका बसलाच असता, कदाचित लहान.

पिंपळपार

पूर्ण सहमत. अमेरिकेतलं पिट्सबर्ग बघा. तिथे 1913 पासून जमिनीवर जास्त आणि इमारतीवर कमी दराने कर होता. 1979-80 मध्ये जमिनीचा दर इमारतीच्या पाचपटीहून वर नेला आणि लगेच शहराच्या मध्यात टोलेजंग इमारतींची रांग लागली. पोलादाचे कारखाने बंद पडत असताना! कराने शहर वाचवलं. आणि मूर्खांनी 2001 मध्ये तोच कर काढून टाकला.

बांधावरून

म्हणजे आता शेतकऱ्याच्या जमिनीवर पण कर का? आधीच दुष्काळ, त्यात हे. जमीन आहे म्हणजे पैसा आहे असं शहरातल्यांना वाटतं. माझ्याकडे सहा एकर आहे, त्यातली दोन खडकाळ. आमच्याकडून काय घेणार, खडी?

उल्मकर

@बांधावरून, इथे शेतीचा कर वेगळा आहे, त्याचे नियमही वेगळे. हा धागा घराच्या आणि बांधकामयोग्य जमिनीचा आहे. पण तुमची खडकाळ दोन एकर हे फार चांगलं उदाहरण आहे. भूमूल्य करात खडकाचा भाव खडकासारखाच धरायचा असतो. धरतात का, ही वेगळी गोष्ट.

मी उल्मला राहतो. डान्यूब ओलांडली की नॉय-उल्म, आणि ते बायर्न राज्यात. तिथे जमिनीचा भाव बघतच नाहीत, नुसतं क्षेत्रफळ. जमिनीच्या मीटरला 4 सेंट, बांधकामाच्या मीटरला 50 सेंट, राहत्या बांधकामाला त्यात 30 टक्के सूट, मग गावाचा गुणक. नदीपलीकडे माझ्या मित्राने माळा राहण्याजोगा केला तर त्याचा कर वाढेल. मी केला तर माझा वाढणार नाही. उलट त्याची जागा अगदी नदीकाठी मोक्याची असली तरी त्याला त्याचं वेगळं काही पडत नाही. पुलाच्या दोन टोकांना दोन तत्त्वज्ञानं. बियर पिताना आमचा यावर हमखास वाद होतो.

नेकरकाठी

@तळटीप, नीट समजावलंत, धन्यवाद. पण मग एक सांगा. आता माझं घर घेणाऱ्याला दरवर्षी 673 युरो जास्त भरावे लागणार. तो मला कमीच किंमत देणार ना?

तळटीप

देणार. आणि या कराचे भक्त ही गोष्ट हळू आवाजात सांगतात. वर्षाला 673 युरोचा कायमचा बोजा, व्याजदर 4 टक्के धरला तर आज तो साधारण 16,800 युरोचा होतो. घेणारा तेवढे कापूनच भाव सांगेल. म्हणजे पुढच्या मालकाला कर भरावा लागतो, पण जमीन तेवढी स्वस्त मिळालेली असते, त्याची फिट्टंफाट. खरा भार पडतो तो कर जाहीर झाला त्या दिवशी ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्यावर. एकदाच आणि पूर्ण.

तुमच्या शेजारच्या आठ जणांना त्याच दिवशी फायदा झाला. गावाने एकूण वसुली साधारण तेवढीच ठेवून गुणक ठरवला असेल तर एकाचं गेलं ते दुसऱ्याला मिळालं, एवढंच.

नेकरकाठी

म्हणजे मला न विचारता माझ्या खिशातून 16,800 काढून शेजाऱ्याला दिले. आणि याला 'सर्वात कमी नुकसान करणारा कर' म्हणायचं. छान.

तळटीप

'नुकसान' म्हणजे एकूण समाजाचं. तुमचं नाही. :)

खोलीनंबर_७

मी मानहाइमला भाड्याने राहते. ही सगळी चर्चा मालकांची चालली आहे. वर म्हटलंय की जमीन कमी होत नाही. मी असंही वाचलंय की म्हणून मालक हा कर भाडेकरूवर ढकलू शकत नाही. मग माझ्या वर्षाच्या नेबेनकोस्टेनच्या, म्हणजे मूळ भाड्यावरच्या इतर खर्चाच्या, हिशेबात ग्रुंडष्टॉयरची ओळ कशी येते? कायद्यानेच तो भाडेकरूकडून वसूल करता येतो. माझा घरमालक अर्थशास्त्र वाचत नाही, तो पावती पुढे सरकवतो.

पिंपळपार

तो ढकलतोय असं वाटतं, पण बाजारात ढकलता येत नाही. अर्थतज्ज्ञ रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय.

खोलीनंबर_७

रिकार्डोला सांगा माझ्या खात्यातून गेलेत.

तळटीप

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि इथे माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही.

सिद्धांत असा: मालक आधीच बाजारात मिळेल तेवढं जास्तीत जास्त भाडं घेतोय. 1200 ला घर जात असेल तर तो 1100 घेत नाही. कर वाढला म्हणून भाडेकरूची ऐपत वाढत नाही आणि जमीन कमी झाली नाही म्हणून घरंही कमी झाली नाहीत. मग एकूण 1200 च राहतात. पावतीवर कराची ओळ असली तरी मूळ भाडं तेवढं कमी ठेवावं लागतं, निदान नवा भाडेकरू येताना. इमारतीवरच्या कराचं तसं नाही. तो वाढला की बांधणारे काही काळाने कमी बांधतात, घरं कमी होतात आणि भाडं खरोखर चढतं.

पण हे चालतं ते भाडं बाजाराइतकं असेल तेव्हा. जर्मनीत जुन्या भाडेकरूंचं भाडं बहुतेक वेळा बाजारापेक्षा कमी असतं आणि वाढवण्यावर बंधनं असतात. अशा घरात वर जागा शिल्लक आहे, आणि कराची ओळ त्या जागेत आरामात बसते. तुम्ही त्या घरात बरीच वर्षं असाल तर ते पैसे खरंच तुमच्याच खिशातून गेले.

खोलीनंबर_७

बरीच वर्षं आहे. माझी इमारत पाच मजली असल्याने रक्कम मात्र आधीपेक्षा कमी झाली, हे कबूल करते. तत्त्वाचा प्रश्न होता.

चहाबाज

कमी झाली आणि तरी तक्रार! अस्सल मराठी माणूस. _/\_

गिरगावकर

मुंबईत हे आणलं तर काय होईल ते सांगतो. आमची चाळ पागडीची. खोली 180 फूट. 500 फुटांच्या आतल्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ. मालकाला भाडं येतं ते महिन्याच्या चहापाण्याला पुरणार नाही, आणि खालची जमीन सोन्याच्या भावाची. उद्या जमिनीच्या बाजारभावावर कर लावला तर मालक पहिल्याच वर्षी दिवाळखोर. तो काय करेल? दुरुस्ती तशीही करत नाही, आता वरून छप्पर पडायची वाट बघेल, आणि मोकळी जमीन बिल्डरला देईल. अर्थतज्ज्ञांना यालाच 'जमिनीचा योग्य वापर' म्हणायचं आहे का?

तळटीप

गिरगावकर, हा आक्षेप दणदणीत आहे. या कराचं गृहीतक असं की मालकाला जमीन हवी तशी वापरता येते आणि तो वापरत नाही. तुमच्या मालकाला वापरता येत नाही. भाडेनियंत्रण आहे, रहिवाशांचे हक्क आहेत. ज्याचा वापर कायद्यानेच बांधलाय त्याच्या जमिनीचं मूल्य मोकळ्या प्लॉटइतकं धरणं ही मूल्यांकनाची चूक ठरेल. पागडीच्या चाळीखालच्या जमिनीचा मालकाच्या हातातला भाव खरं तर फार थोडा आहे. उरलेला भाव रहिवाशांच्या हक्कात आहे. मग कर त्या हिश्शाने रहिवाशांना लावायचा? बोला.

गिरगावकर

नको. मालकालाच लावा. :D

वटहुकूम

मुंबईबद्दल एक कायद्याची गोष्ट, या चर्चेच्या अगदी मुळाशी जाणारी. महापालिकेने 2010 पासून भाड्यावर आधारित पद्धत सोडून भांडवली मूल्यावर कर आणला. रेडी रेकनर हा पाया. रेकनरमध्ये प्रत्येक विभागात खुल्या जमिनीचा दर वेगळा आणि निवासी, दुकान, ऑफिस यांचे दर वेगळे. म्हणजे निव्वळ जमिनीच्या भावाचा तक्ता आपल्याकडे तयार आहे, कोणी काही नव्याने शोधायला नको.

पालिकेच्या नियमांत असं होतं की मोकळ्या जमिनीचं मूल्य काढताना तिच्यावर पुढे किती एफएसआय मिळू शकतो तेही धरायचं. मालमत्ताधारक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये ते नियम रद्द ठरवले. म्हणणं असं की कायद्यानुसार मालमत्ता आज जशी आहे तशी बघा, उद्या काय होऊ शकेल ते नाही.

आता हे नेकरकाठींच्या कोपऱ्यावरच्या गवताला लावून बघा. भूमूल्य कराचा जीवच शक्यतेत आहे: इथे आठ फ्लॅट होऊ शकतात, म्हणून आठ फ्लॅटांच्या जागेचा कर भर. आपला मुंबईचा कायदा म्हणतो, गवत आहे ना, मग गवताचं बघू. कायदा बदलल्याशिवाय हा कर मुंबईत आणता येणार नाही. आणि तो कोण बदलणार, हे ज्याचं त्याने ओळखावं.

सिडनीची_सई

आमच्याकडे न्यू साउथ वेल्समध्ये लँड टॅक्स आहे आणि तो खरोखर फक्त जमिनीवर आहे, इमारत धरत नाहीत. राज्याचा मूल्यांकन विभाग दरवर्षी जमिनीचं मूल्य काढतो. पण स्वतःचं राहतं घर माफ! आणि एका मर्यादेखालच्या जमिनीलाही माफ. त्यामुळे तो मुख्यतः दुसरं घर भाड्याने देणाऱ्यांनाच लागतो. आमचा एक लहान फ्लॅट आहे गुंतवणुकीचा. सोसायटीच्या जमिनीतला आमचा हिस्सा इतका बारीक की मर्यादेच्या बराच खाली. कर शून्य. ज्याच्याकडे दोन मोठे प्लॉट, तो भरतो.

ऐकायला बरं वाटतं, पण बाजूच्या गल्लीत एक म्हातारं जोडपं एवढ्या मोठ्या प्लॉटवर राहतं की तिथे सहज दहा घरं होतील. त्यांना शून्य. म्हणजे ज्यांच्यासाठी कर केला तेच सुटले.

पिंपळपार

सई, म्हणूनच म्हणतो, माफी नकोच. माफी आली की कर मेला.

सिडनीची_सई

बोलायला सोपं आहे. त्या आजी पेन्शनवर आहेत. जमीन कोटींची आणि बँकेत पैसे नाहीत. विका म्हणणार?

तळटीप

डेन्मार्कने मधला मार्ग काढलाय. तिथेही जमिनीवर वेगळा कर आहे. कराची वाढ परवडत नसेल तर ती रक्कम घरावर कर्ज म्हणून चढते, व्याजासकट, आणि घर विकलं की फेडायची. आजी राहतात, सरकारचे पैसे बुडत नाहीत. वारसांना थोडं कमी मिळतं. यावर वारस सोडून कोणी फारसं ओरडत नाही.

आणि @पिंपळपार, पिट्सबर्गचं तुम्ही सांगितलंत ते अर्धंच आहे. त्या काळात तिथे ऑफिसच्या जागेची चांगलीच टंचाई होती. ज्यांनी आकडे नीट तपासले ते म्हणतात की इमारती मुख्यतः त्यामुळे उठल्या. कराचं श्रेय वेगळं आहे: शहराला पैसा हवा होता तो जमिनीवरून मिळाला, त्यामुळे इमारतींवरचा किंवा पगारावरचा कर वाढवून तेजीचा गळा घोटावा लागला नाही. मदत केली, चमत्कार केला नाही.

आणि तो गेला तो मूर्खपणाने नाही. काउंटीने बरीच वर्षं मूल्यांकन नीट केलं नव्हतं. 2001 मध्ये एकदम नवे आकडे आले, जमिनीचे भाव काही भागांत भलतेच चढले, आणि जमिनीवरचा दर पाचपट असल्यामुळे त्या चढाचा फटकाही पाचपट. लोक रस्त्यावर आले आणि दोन दरांची पद्धतच गेली.

पिंपळपार

म्हणजे दोष मूल्यांकनाचा, कराचा नाही. मी तेच म्हणतोय.

दप्तरदार

कर आणि मूल्यांकन असं वेगळं काढता येतं का, यावर आपल्या पुण्याचीच गोष्ट ऐका. बांधावरून यांनी शेतीचा विषय काढला तेव्हापासून सांगायची होती.

पेशवाई गेल्यावर 1820 च्या दशकात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाचा असिस्टंट कलेक्टर आला. इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात अर्थतज्ज्ञ माल्थसच्या हाताखाली शिकलेला, डोक्यात रिकार्डोचा ताजा सिद्धांत. त्याने ठरवलं की शेतसारा म्हणजे जमिनीचं निव्वळ भाडं असलं पाहिजे. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकतं ते काढायचं, त्यातून नांगरट, बी, बैल, मजुरी वजा करायची आणि जे उरेल त्याचे 55 टक्के सरकारचे. कागदावर इतका शुद्ध भूमूल्य कर तोवर जगात फार कमी ठिकाणी कोणी लावून पाहिला असेल.

झालं काय? शेतं मोजणारे, प्रत ठरवणारे कारकून हजारो शेतांचा हा हिशेब करणार होते. मोजणी चुकली, चिरीमिरी चालली, ज्याने दिली त्याची काळी जमीन बरड झाली. त्यात धान्याचे भाव पडले. सारा भाड्यापेक्षा जास्त झाला. मग 'जमीन पळत नाही' हे खरं, पण कुणबी पळाला. शेतं टाकून माणसं निघून गेली आणि थकबाकी चढत गेली.

1835 नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचा तो बारीक हिशेब सोडला. मातीची प्रत आण्यांत ठरवायची, गावाचा जुना वसूल बघायचा, दर उतरवायचे आणि 30 वर्षं हलवायचे नाहीत. पडीक जमीन परत वहिवाटीला आली.

आणि या धाग्याशी थेट संबंध असलेलं शेवटचं: मुंबई इलाख्याच्या 1865 च्या कायद्यात तरतूद होती की फेरआकारणी करताना शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने केलेल्या सुधारणेवर सारा वाढवायचा नाही. विहीर खणली, बांध घातला, ते त्याचं. सरकारने माती, ठिकाण, बाजारभाव, रस्ते यांकडे बघायचं. हेन्री जॉर्जच्या चौदा वर्षं आधी.

बांधावरून

ही माहिती नवीन आहे. धन्यवाद. पण एक शंका. विहिरीला 30 वर्षं झाली की ती जमिनीचाच भाग होते. माझ्या आजोबांनी दगड वेचून बांध घातले, आज ती जमीन चांगली दिसते. बाहेरून आलेला माणूस म्हणणार, माती चांगली आहे. ती चांगली 'आहे' की 'केली', हे कोण ठरवणार?

दप्तरदार

यावर त्या काळच्या अधिकाऱ्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मिटलं नाही.

तळटीप

शेतीत हे खरंच अवघड आहे. शहरात बरंच सोपं, कारण तिथे प्लॉटचा भाव जवळपास सगळा जागेचा असतो. मालकाने मातीत काय केलं याला काही अर्थ उरत नाही. म्हणून आजचे बहुतेक समर्थक शहरी जमिनीपुरतंच बोलतात.

चहाबाज

मी अजून सफरचंदांपाशीच आहे. त्या दोन झाडांचं काय झालं?

नेकरकाठी

झाडांचंच विचारतोय आता. वरचं सगळं वाचून मी गावाचा बेबाउंग्सप्लान, म्हणजे कुठे काय बांधता येतं त्याचा नकाशा, उघडून बघितला. माझ्या 600 मीटरपैकी मागचे 250 मीटर बांधकामाच्या चौकटीबाहेर आहेत. तिथे घर काय, मोठी शेडसुद्धा बांधू देत नाहीत. तरी त्या 250 मीटरला 900 चाच दर! तळटीप म्हणतात जमीन वापरा, नाहीतर भरा. मला वापरूच देत नाहीत. गिरगावकरांच्या चाळमालकासारखीच गत.

उल्मकर

मग थांबा, यावर उपाय आहे. आपल्या राज्याच्या कायद्यात तरतूद आहे की जमिनीचं खरं मूल्य ठरलेल्या दराच्या हिशेबापेक्षा 30 टक्क्यांहून जास्त वेगळं निघालं तर अधिकृत तज्ज्ञाचा अहवाल लावून ते मान्य करून घेता येतं. 30 च्या आत असेल तर ऐकत नाहीत.

समजा मागच्या 250 मीटरचा भाव बागेच्या जमिनीसारखा 90 युरो धरला. पुढचे 350 गुणिले 900 म्हणजे 3,15,000, मागचे 22,500. एकूण 3,37,500. तुमच्या 5,40,000 पेक्षा साडेसदतीस टक्के कमी, म्हणजे मर्यादा ओलांडली. कर येतो 614 युरो 25 सेंट. वर्षाला 368 वाचतात.

तळटीप

हिशेब बरोबर आहे, पण 90 कोण मान्य करणार? घरामागची बाग ही सुट्या बागेसारखी नसते. घर घेणारा तिच्यासाठी जास्त मोजतो. तज्ज्ञाने 300 धरले तर एकूण 3,90,000 होतात, फरक 28 टक्क्यांच्या आत राहतो, आणि अहवालाचा खर्च तुमच्याच अंगावर.

इथे मात्र मला वाटतं कायदा आळशी आहे. सगळ्या प्लॉटला एकच दर लावला की काम सोपं होतं, प्रिंगलच्या कारकुनांसारखा घोळ होत नाही. पण बांधता न येणाऱ्या जमिनीकडून बांधकामाच्या भावाने कर घेतला की 'बांधायला उत्तेजन' हे कारणच तिथे लागू होत नाही.

पिंपळपार

उलट. नकाशा बदलायला लोक गावावर दबाव आणतील. मागे दुसरं घर होऊ द्या म्हणतील. तेच तर हवंय.

खोलीनंबर_७

झालं तर मला कळवा, भाड्याने घेते. ग्रुंडष्टॉयरची ओळ वगळून.

नेकरकाठी

एका तज्ज्ञाला फोन केला. अहवालाची फी माझ्या चार वर्षांच्या बचतीएवढी सांगतोय, आणि तेही 30 चा आकडा ओलांडला तर. मागच्या तुकड्यासाठी आमच्या गल्लीत अलीकडे सुटा व्यवहार झालाय का, ते आधी शोधा म्हणाला. डावीकडच्या शेजाऱ्याने तीनेक वर्षांपूर्वी मागची पट्टी कोणाला तरी विकली होती असं ऐकलंय. आज संध्याकाळी जाऊन भाव विचारतो.